आलेल्या फोनवर ओटीपी: जुन्नर-आंबेगावातल्या ज्येष्ठांना नेमकं काय सांगायचं?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फोनवरच्या फसवणुकीबद्दल ज्येष्ठांशी बोलण्याचे प्रसंग आता वारंवार येतात. कधी ज्येष्ठ नागरिक संघाची मासिक बैठक असते, कधी बँकेच्या शाखेतला मेळावा, कधी पोलीस ठाण्याने ठेवलेला कार्यक्रम, तर कधी सप्ताहात कीर्तनाआधीची दहा मिनिटं. बोलणारा बँकेचा अधिकारी असतो, पोलीस असतो किंवा गावातलाच एखादा शिक्षक. समोर सत्तरीच्या आसपासची माणसं बसलेली असतात. त्यांची मुलं मुंबईत किंवा चाकण-पिंपरीकडे असतात, घरी दोघंच किंवा एकटं कोणी. बोलणं संपताना लक्षात ठेवायला एक नियम दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा एकच असतो: ओटीपी कोणालाही सांगू नका.

हा नियम पुरेसा आहे का, यावर गेल्या काही वर्षांत मतं बदलत गेली आहेत. फसवणुकीच्या पद्धती बदलल्या, कायद्याने ग्राहकाला दिलेलं संरक्षण बदललं, आणि ओटीपी स्वतःच रोजच्या जगण्यात वेगळ्या जागी जाऊन बसला. या चर्चेचा आज कुठवर प्रवास झाला आहे, ते पाहू.

नियम आला कुठून

इंटरनेटवरून कार्डाने पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खात्री हवी, हे रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून बंधनकारक केलं. ही दुसरी खात्री पुढे बहुतेक ठिकाणी मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांच्या रूपात रुळली. त्यामुळे नुसतं कार्ड चोरून भागेना, चोराला ते आकडे मिळवावे लागू लागले. ते मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्याच्या मोबाईलवर आले त्यालाच विचारणं. ‘तुमचं एटीएम बंद होणार आहे’ असे फोन सुरू झाले ते यातूनच. झारखंडातलं जामताडा याच धंद्यामुळे देशभर माहीत झालं. त्या काळी ‘ओटीपी सांगू नका’ हा नियम फसवणुकीच्या बरोबर वर्मावर बोट ठेवत होता.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि काही फसवणुकींतून ओटीपीच गळाला. पैसे मिळणार असं सांगून पिन टाकायला लावायचा आणि पैसे काढून घ्यायचे, हा प्रकार ‘पैसे मागण्याच्या विनंती’वर चालायचा. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली आहे. मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके फाईल यायला लागल्या. वाहनाचं चलान, पीएम किसान, लग्नाची पत्रिका, काहीही नाव दिलेलं असतं. ती फाईल मोबाईलमध्ये बसली आणि तिला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी तोंडाने सांगावाच लागत नाही. तो परस्पर चोराकडे जातो.

तिसरा प्रकार भीतीचा. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधारवर गुन्हा नोंदलाय म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही, आणि माणूस स्वतः शाखेत जाऊन, स्वतःच्या सहीने पैसे पाठवतो. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये या ‘डिजिटल अटके’बद्दल सावध केलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम 22,845 कोटी रुपयांच्या घरात होती. आदल्या वर्षी ती 7,465 कोटी होती.

एक फोन, जवळून

ज्येष्ठांच्या बाबतीत हे सगळं कसं घडतं, हे एका उदाहरणाने नीट कळेल. हे उदाहरण कोणा एकाचं नाही. अशा तक्रारींत जी घडण पुन्हा पुन्हा दिसते, तिच्यावरून ते रचलेलं आहे.

घोडेगावातले एक निवृत्त तलाठी. महिना नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्याचा. सकाळी अकराला फोन येतो. बोलणारा शुद्ध मराठीत ‘नमस्कार साहेब, कोषागारातून बोलतोय’ असं म्हणतो. पीपीओ क्रमांक सांगतो, निवृत्तीची तारीख सांगतो, खातं कोणत्या शाखेत आहे तेही सांगतो. ही माहिती कुठून तरी फुटलेली असते. पण ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं सगळं ठाऊक आहे म्हणजे माणूस कचेरीतलाच. मग सांगणं येतं ते सोयीचं: ‘या वयात बँकेत रांगेत कशाला उभे राहता, इथूनच दाखला करून देतो. फक्त कार्डावरचे आकडे खात्रीसाठी सांगा.’

तलाठी आकडे सांगतात. त्याच क्षणी पलीकडे दुसऱ्या मोबाईलवर त्यांच्या खात्याची मोबाईल बँकिंग सेवा सुरू करण्याचा अर्ज भरला जात असतो. बँकेचा मेसेज येतो. तो इंग्रजीत असतो. तो ओटीपी कशासाठी आहे आणि तो कोणाला देऊ नये, हे त्यात लिहिलेलं असतं. पण फोन कानाला लावलेला आहे, चष्मा कपाटावर आहे, आणि पलीकडून ‘साहेब, मेसेजमधले सहा आकडे वाचा, वेळ संपतोय’ असा धोशा चालू आहे. माणूस आकडे शोधतो आणि तेवढेच वाचतो. मेसेजमधला इशारा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, पण तो वाचायला सवडच दिली जात नाही.

पहिल्या ओटीपीने खात्याचं दार उघडतं. दुसरा ओटीपी मुदत ठेव मोडण्यासाठी, किंवा ठेवीवर कर्ज उचलण्यासाठी असतो. खात्यात बचतीचे फक्त दहा हजार असले तरी धोका ठेवीच्या चार लाखांना असतो, हे अनेकांना माहीत नसतं. शेवटी सूचना येते: ‘दाखला उद्यापर्यंत दिसेल, तोवर आलेले मेसेज उघडू नका, नाहीतर प्रक्रिया रद्द होईल.’ तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि कुठल्या तरी शहरातल्या एटीएममधून बाहेर पडतात. संध्याकाळी नात मोबाईल हातात घेते तेव्हा पैसे गेल्याचे मेसेज दिसतात.

हा फोन खोटा आहे हे ओळखायची खूण त्या कामातच होती. डिजिटल हयातीच्या दाखल्याला बोटाचा ठसा, डोळा किंवा चेहरा लागतो. माणूस जिवंत आहे हे नुसत्या फोनवरून सिद्ध करता येत नाही. ही खूण आधी कोणी सांगितली असेल तर ती नोव्हेंबरमध्ये उपयोगी पडते. पण जानेवारीत फोन गॅस अनुदानाचा येतो आणि जूनमध्ये पीक विम्याचा. तिथे ही खूण कामाची नसते.

काय सांगावं, यावरची मतं

बँका आणि रिझर्व्ह बँक यांचा भर राहिला आहे तो गुप्ततेवर: ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे सांगू नका. या भूमिकेमागे सबळ कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहाराची तक्रार ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. पण ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं. तक्रारीनंतरचं मात्र बँकेचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये असेच नियम सहकारी बँकांनाही लागू झाले, आणि या दोन तालुक्यांत सहकारी बँकांचं जाळं मोठं असल्याने ते इथे महत्त्वाचं आहे. म्हणजे ओटीपी सांगणं हे केवळ धोक्याचं नाही, त्याने भरपाईचा हक्कही दुबळा होतो.

पोलिसांचा भर वेळेवर आहे. पैसे गेल्यावर लगेच 1930 ला फोन करा, हे ते आवर्जून सांगतात. त्या क्रमांकावर तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला निरोप जातो आणि तिथे उरलेली रक्कम गोठवता येते. पैसे जितके पुढे सरकतील तितकं गोठवण्यासारखं कमी उरतं. फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक जवळ असावा लागतो. तो क्रमांक पैसे गेल्याच्या मेसेजमध्येच असतो, म्हणून घाबरून मेसेज पुसू नये. व्याख्यानांत हे शेवटचं वाक्य बऱ्याचदा राहून जातं.

तिसरी भूमिका घरच्यांची. आईवडिलांच्या खात्यावर मोबाईल बँकिंग नकोच, पेन्शनच्या खात्यात थोडे पैसे ठेवावेत, ठेवी वेगळ्या बँकेत आणि ओटीपीचा क्रमांक मुलाचा. यातल्या काही गोष्टी खरोखर उपयोगी आहेत. पेन्शनचं खातं आणि ठेवी वेगळ्या ठेवणं ही त्यातली एक. पण ओटीपी मुलाच्या मोबाईलवर गेला की आपल्याच पैशांसाठी त्याच्या फोनची वाट पाहावी लागते. घरातच पैशांवरून ताण असेल तर वृद्ध माणूस आणखी परावलंबी होतो. या उपायाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की, सुरक्षिततेपायी स्वतःच्या कष्टाच्या पैशांवरचा हक्क सोडायला लावू नये. मला त्यांची बाजू अधिक न्याय्य वाटते, पण दूर राहणाऱ्या मुलांची काळजीही खोटी नाही.

चौथी भूमिका म्हणते की भार ऐकणाऱ्यावर टाकणंच चूक आहे. यंत्रणेने तो उचलावा. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून, फसून स्वतःच्या हाताने देशांतर्गत पाठवलेल्या पैशांची 85,000 पौंडांपर्यंत भरपाई बँकांना द्यावी लागते. ती पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मी-निम्मी सोसते. वय किंवा आजारपणामुळे असुरक्षित असलेल्या ग्राहकाला निष्काळजीपणाचं कारण दाखवून नाकारता येत नाही. सिंगापुरातल्या मोठ्या बँकांनी 2024 मध्ये, मोबाईलमधलं डिजिटल टोकन वापरणाऱ्यांसाठी लॉगिनचा ओटीपीच काढून टाकायला घेतला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये नवे निर्देश काढले, ते 1 एप्रिल 2026 पासून लागू ठरवले. त्यांनी ओटीपी बंद केलेला नाही, पण इतर मार्गांना वाट दिली आहे आणि बँकेने नियम न पाळल्याने झालेलं नुकसान बँकेने भरून द्यायचं आहे. जानेवारी 2025 मध्ये आणखी एक सूचना आली: बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत. गावातला शाखाधिकारी मात्र स्वतःच्या मोबाईलवरून फोन करत आला आहे, आणि लोकांना तीच ओळखीची रीत आहे.

नियमाची अडचण

या चारही भूमिकांत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा नियम आज पाळताच येत नाही.

गॅसची टाकी घरी आली की पोचवणारा मुलगा मोबाईलवर आलेला आकडा विचारतो, आणि तो द्यायचाच असतो. पीएम किसानची ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, अशी कामं सेवा केंद्रात आधारच्या ओटीपीवर होतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारचा ओटीपी लागला, आणि पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. मंचरच्या किंवा ओतूरच्या सेवा केंद्रात आजीबाई मोबाईल पुढे करतात, समोरचा मुलगा आकडा वाचतो आणि काम होतं. सरकारनेच हे शिकवलं आहे, आणि त्यात गैरही काही नाही.

म्हणजे वर्षातून अनेकदा ओटीपी सांगून काम झालेला माणूस व्याख्यानात ऐकतो की तो कधीच सांगायचा नाही. त्याला दोन्ही खरं वाटतं. मग फोनवर कोषागाराचं नाव ऐकल्यावर हा प्रसंग गॅसच्या टाकीसारखा आहे की व्याख्यानातल्या चोरासारखा, हे त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. नियमाने हा निवाडा त्याच्या वतीने करून ठेवायला हवा होता.

दुसरी अडचण ऐकण्याची. मोबाईलवरच्या इशाऱ्याची धून, अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली, फोन लावणाऱ्याला ऐकू येत असे. घरी बसून मुलांचे फोन घेणारी आजी स्वतः क्वचितच फोन लावते. ज्याला इशारा हवा, त्याच्या कानापर्यंत तो पोचतच नव्हता. समोर बसवून तोंडी बोलण्याचं महत्त्व म्हणून टिकून आहे.

बोलल्याचा उपयोग किती टिकतो, यावर अमेरिकेतला एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी फसलेल्या लोकांना आधी सावध केलं आणि दोन किंवा चार आठवड्यांनी त्यांना खोटा फोन केला. काहींना त्याच फसवणुकीबद्दल सांगितलं होतं, काहींना वेगळ्याच. सरळ होकार दोन्हींत कमी झाले. त्याच फसवणुकीचा इशारा मिळालेल्यांनी स्पष्ट नकार अधिक वेळा दिला, पण तो परिणाम काळाबरोबर ओसरला. वेगळ्या फसवणुकीच्या इशाऱ्याचा परिणाम सौम्य होता, पण तो तसा ओसरला नाही. बोलणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट अशी की, एक ताजी गोष्ट सविस्तर सांगावी, पण नियम त्या गोष्टीपेक्षा मोठा असावा.

बोलणं कसं असावं

माझ्या मते नियम ओटीपीवर नसावा, फोन कोणी केला यावर असावा. गॅसवाला दारात उभा असतो, सेवा केंद्रात आपण चालत गेलेलो असतो. फसवणुकीत मात्र बहुधा समोरून फोन आलेला असतो. वरच्या तलाठ्यांना आणि व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ झालेल्यांना लागू पडेल असा समान धागा तोच आहे. हे धरून केलेलं बोलणं साधारण असं असेल:

‘मंडळी, सरकारी माणूस, बँकेचा माणूस, पोलीस, कोणीही फोन केला तरी ऐकून घ्या. तो तुमचं नाव सांगेल, खातं सांगेल, तरी ते खरं मानायचं कारण नाही. ती माहिती विकत मिळते. तो घाई करेल. खऱ्या कामाला घाई नसते; हयातीच्या दाखल्याला महिना दिलेला असतो. तो म्हणेल कोणाला सांगू नका. तसं म्हणाला की लगेच शेजारच्याला हाक मारा. पोलीस फोनवर अटक करत नाहीत, कायद्यात तशी अटकच नाही. आणि उत्तर एकच द्यायचं: मी शाखेत येऊन भेटतो. एवढं बोलून फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटेल, वाटू द्या. खरा अधिकारी असेल तर त्याला तुम्ही आलेलेच हवे असता. आता नियम सांगतो, माझ्यामागे म्हणा: आलेल्या फोनवर पैशाचं काम करायचं नाही.’

ते मोठ्याने म्हणवून घ्यावं, आणि फोन ठेवण्याचा सरावही करून घ्यावा. आपल्याकडे ज्येष्ठ माणसाला समोरचा ‘साहेब’, ‘काका’ म्हणत बोलत असताना फोन मध्येच ठेवणं असभ्य वाटतं. चोर या सभ्यतेचाच फायदा घेतो. एकाने खोटा फोन करावा, दुसऱ्याने ‘मी शाखेत येतो’ म्हणून ठेवावा, असं दोन-चार जणांकडून सगळ्यांसमोर करून घेतलं तर तोंडाला वाक्य बसतं.

जे अजून सुटलेलं नाही

या नियमालाही भोकं आहेत, आणि ती बोलणाऱ्याने माहीत करून घ्यायला हवीत. इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधून आपणच फोन केला आणि तो क्रमांकच खोटा निघाला, तर ‘आलेला फोन’ हा निकष फसतो. म्हणून क्रमांक पासबुकावरचा किंवा कार्डामागचाच घ्यायचा, ही पुरवणी जोडावी लागते. एपीके फाईल फोनशिवायही येते. अंगठ्यावर पैसे काढण्याच्या सोयीत तर फोनही नसतो आणि ओटीपीही नसतो. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांत, जिथे बँकेची शाखा लांब आणि अंगठ्यावर पैसे देणारा जवळ, तिथे खरी काळजी त्या यंत्राची आहे. अंगठा लावल्यावर पावती मागणं आणि आधारचा बायोमेट्रिक वापर नको तेव्हा बंद करून ठेवणं, हे तिथे सांगायला हवं. फोनचा नियम तिथे दुय्यम ठरतो.

खरे फोन येतात, हाही प्रश्न आहे. मोठ्या रकमेचा धनादेश वटवण्याआधी बँक कधीकधी फोनवर विचारते. ज्येष्ठाने तो ठेवून दिला तर काम एक-दोन दिवस लांबेल. हे नुकसान सोसण्यासारखं आहे, असं मला वाटतं. पण शाखा वीस-पंचवीस किलोमीटरवर असणाऱ्या आणि गुडघे धरलेल्या माणसाला ‘शाखेत जा’ म्हणणं सोपं नाही. घरपोच बँकिंग सगळीकडे सारखं मिळत नाही.

आणि भरपाईचा मुद्दा तसाच आहे. फसवून मिळवलेला ओटीपी ‘ग्राहकाने दिला’ असा धरायचा की ‘त्याच्याकडून काढून घेतला’ असा, यावर 2017 च्या परिपत्रकाच्या आधारे बँका आणि तक्रारदार दोन्ही बाजूंनी भांडतात. वयामुळे किंवा भीतीमुळे माणूस असुरक्षित होता, हे ब्रिटनप्रमाणे वेगळं धरायचं का, आणि मोठी ठेव मोडताना काही तासांचा विराम सक्तीचा करायचा का, यावर इथे अजून एकमत नाही. विराम आला तर खऱ्या आजारपणात दवाखान्यात भरायचे पैसेही अडकतील, अशी एक बाजू आहे. चार लाख वाचले तर काही तासांची अडचण चालेल, अशी दुसरी. दोन्ही बाजू मांडणाऱ्यांत ज्येष्ठ आहेतच, आणि त्यांना या बाबतीत अजून फारसं कोणी विचारलेलं नाही.